बीपीच्या रुग्णाने स्टॅटिन आणि ॲस्पिरिन कधी घ्यावं, कधी टाळावं: टप्प्याटप्प्याने निर्णय

बीपीची गोळी सुरू झाली की थोड्याच दिवसांत आणखी दोन गोळ्यांची चर्चा सुरू होते. एक ‘कोलेस्टेरॉलची’ आणि दुसरी ‘रक्त पातळ करणारी’. बहुतेक घरांत या दोन्हींचा निर्णय जोडीने होतो: घ्यायच्या तर दोन्ही, सोडायच्या तर दोन्ही. घोळ इथेच होतो. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन यांचे निकष वेगळे आहेत, धोके वेगळे आहेत आणि त्यांचा विचार करण्याचा क्रमही ठरलेला आहे. परिणामी ज्यांना स्टॅटिन हवं ते ‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे’ म्हणून ते घेत नाहीत, आणि ज्यांना ॲस्पिरिनची गरज नाही ते वर्षानुवर्षं रोज एक गोळी गिळतात.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. त्यातून निघालेलं उत्तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं करायचं आहे. कोणतीही गोळी स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

## टप्पा १: आधी कागद जमवा

अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय हमखास चुकतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं हातात असू द्या.

पहिली गोष्ट म्हणजे घरी मोजलेल्या बीपीची नोंद. दंडाला पट्टा लावायचं यंत्र घ्या. सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. ही सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर बीपी साधारणपणे ताब्यात आहे असं धरतात. (दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० असते. अनेकांसाठी डॉक्टर त्याहूनही खाली, १३० च्या आसपासचं लक्ष्य ठेवतात.)

दुसरी गोष्ट रक्ताचे रिपोर्ट: लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी, किडनीचं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, लिव्हरचं एसजीपीटी आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन ॲस्पिरिनसाठी लागतं. ते आधीच कमी असेल तर पोटात कुठे रक्त झिरपतंय का हे शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थायरॉइडची टीएसएच तपासणीही करून घेतलेली बरी, कारण सुस्त थायरॉइडमुळे कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते.

तिसरी गोष्ट चालू गोळ्यांची पूर्ण यादी. गुडघेदुखीसाठी अधूनमधून घेतलेल्या गोळ्याही त्यात लिहा. बहुतेक लोक नेमक्या याच सांगायला विसरतात आणि पुढे याच गोळ्या अडचणीत आणतात.

## टप्पा २: तुम्ही कोणत्या गटात आहात ते ठरवा

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा: रक्तवाहिनीत अडथळा येऊन आजवर काही घडलं आहे का? हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास, रक्ताची गुठळी अडकून झालेला पक्षाघात, काही मिनिटांत आपोआप बरा झालेला छोटा पक्षाघात, किंवा चालताना पोटऱ्या भरून येतात म्हणून निदान झालेला पायाच्या धमन्यांचा आजार. यांतलं काहीही झालं असेल तर तुम्ही पहिल्या गटात येता. या गटात एरवी दोन्ही औषधं लागतात आणि धोक्याचं गणित मांडत बसावं लागत नाही.

यांतलं काहीच झालं नसेल, फक्त बीपी असेल, तर तुम्ही दुसऱ्या गटात. पुढचा बहुतेक लेख या गटासाठी आहे, कारण सगळ्या चुका इथेच होतात.

इथे हमखास होणारी गल्लत: ‘ईसीजीमध्ये थोडा बदल आहे’, ‘बीपीमुळे हृदयाची भिंत जाड झाली आहे’ असं सांगितलं की अनेक जण स्वतःला पहिल्या गटात धरतात. जाड झालेली भिंत ही बीपीची खूण आहे. ती धोका वाढवते, पण तिचा अर्थ हृदयाच्या धमनीत अडथळा सापडला असा होत नाही. तसंच मेंदूत रक्तस्राव होऊन झालेला पक्षाघात वरच्या यादीत येत नाही. अशा रुग्णाला ॲस्पिरिन घातक ठरू शकतं. तेव्हा ‘पक्षाघात झाला होता’ एवढंच सांगू नका, तो गुठळीचा होता की रक्तस्रावाचा हे त्या वेळच्या स्कॅनच्या रिपोर्टवरून पाहून सांगा.

## टप्पा ३: दहा वर्षांचा धोका काढा

दुसऱ्या गटातल्या काही लोकांना गणिताची गरज नसते. मधुमेह आहे आणि वय चाळिशीपुढे आहे, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १९० किंवा त्याहून जास्त आहे, किंवा वय पन्नाशीपुढे असून किडनी कमजोर झाली आहे (ईजीएफआर बरेच महिने ६० च्या खाली), अशांना धोका पुरेसा असतोच आणि स्टॅटिन दिलं जातं.

बाकीच्यांनी डॉक्टरांबरोबर बसून गणकयंत्रात आकडे भरायचे. QRISK3, SCORE2 आणि PREVENT ही त्यांतली जास्त वापरली जाणारी. वय, लिंग, वरचं बीपी, एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, धूम्रपान अशी माहिती दिली की पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात, कारण प्रत्येक यंत्र वेगळ्या लोकसंख्येवरून बनवलेलं आहे. म्हणून एकच यंत्र निवडा आणि पुढच्या वेळीही तेच वापरा. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचा धोका काही यंत्रं कमी दाखवतात. उत्तर सीमारेषेवर आलं तर हे लक्षात घ्यायला हवं.

तपासा: ‘बीपीची गोळी चालू आहे का’ असा प्रश्न असेल तिथे ‘हो’ भरलं आहे ना? गोळीमुळे खाली आलेला १३० चा आकडा भरून हा रकाना ‘नाही’ ठेवला, तर यंत्र तुम्हाला कधीच बीपी नसलेला माणूस समजतं आणि धोका कमी दाखवतं.

तपासा: एकके जुळतात का? काही यंत्रं कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये मागतात. मिलिग्रॅममधला आकडा ३८.७ ने भागला की मिलिमोल मिळतात.

## टप्पा ४: स्टॅटिनचा निर्णय

स्टॅटिनबाबतचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की ते ‘वाढलेल्या कोलेस्टेरॉलचं’ औषध आहे. बीपीच्या रुग्णात ते द्यायचं की नाही हे मुख्यतः एकूण धोक्यावरून ठरतं, एकट्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून नाही. याचा थेट पुरावा २००३ मध्ये आला. ॲस्कॉट नावाच्या चाचणीत बीपी असलेले आणि धोका वाढवणाऱ्या इतर किमान तीन बाबी असलेले सुमारे १०,३०० लोक होते. त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल २५० किंवा त्याहून कमी, म्हणजे बहुतेकांचं फारसं चढलेलं नव्हतं. निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. चाचणी पाच वर्षं चालायची होती. फरक इतका स्पष्ट दिसला की हा भाग सुमारे सव्वातीन वर्षांतच थांबवला. औषध घेणाऱ्यांत हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १०० घटना झाल्या, दुसऱ्या बाजूला १५४.

याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहा. दोन्ही बाजूंना पाच हजारांहून जास्त लोक होते. म्हणजे सव्वातीन वर्षांत साधारण ९० जणांनी गोळी घेतली तेव्हा एकाचा अटॅक टळला. धोका मुळात जेवढा जास्त तेवढा हा आकडा सुधारतो, आणि धोका मुळात नगण्य असेल तर गोळी फारसं काही देत नाही. टप्पा ३ वगळून इथे येता येत नाही ते यासाठीच.

व्यवहारात असं धरा. दहा वर्षांचा धोका १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर स्टॅटिनच्या बाजूने भक्कम कारण आहे. काही मार्गदर्शक सूचना साडेसात टक्क्यांपासूनच चर्चा सुरू करतात. पाचच्या खाली असेल तर बहुतेकांना बीपीची गोळी, तंबाखू सोडणं आणि वजनाकडे लक्ष एवढं पुरतं. मधल्या लोकांत आईवडील किंवा भावंडांना कमी वयात अटॅक आलेला असणं अशा गोष्टी पारडं झुकवतात.

### डोस आणि जुळणी

दुसऱ्या गटात सहसा मध्यम ताकदीचा डोस लागतो: ॲटोरव्हास्टॅटिन १० ते २० किंवा रोसुव्हास्टॅटिन ५ ते १० मिलिग्रॅम. यात एलडीएल साधारण ३० ते ५० टक्क्यांनी उतरतं. पहिल्या गटात ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० देतात आणि एलडीएल निम्म्याहून खाली आणायचा प्रयत्न असतो. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्क्यांनी उतरतं. म्हणून ‘अर्धी गोळी घेतो’ म्हणणाऱ्यालाही बराचसा फायदा मिळतो. पूर्ण डोस सोसत नसेल तेव्हा गोळी सोडून देण्यापेक्षा हा मार्ग चांगला. ही दोन्ही औषधं दिवसातून कधीही घेता येतात. सिमव्हास्टॅटिन मात्र रात्री घ्यावं लागतं.

इशारा: बीपीच्या काही गोळ्या स्टॅटिनचं शरीरातलं प्रमाण वाढवतात. अम्लोडिपिन चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर १० च्या वर नाही. अम्लोडिपिन खूप लोक घेतात, त्यामुळे ही जोडी चिठ्ठीवर नजरेतून सुटू शकते. ती दिसली तर डॉक्टरांना विचारा. रोसुव्हास्टॅटिनबाबत हा प्रश्न येत नाही, पण किडनी फार कमजोर असेल तर त्याचा डोस कमी ठेवावा लागतो.

## टप्पा ५: स्टॅटिन सुरू केल्यावरची तपासणी

चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, सोबत एसजीपीटी. एलडीएल अपेक्षेप्रमाणे उतरलं नसेल तर पहिली शंका गोळ्या चुकल्याची घ्यावी, डोस वाढवण्याचा विचार त्यानंतर. एसजीपीटी थोडं वाढलं म्हणून गोळी थांबवायची गरज नसते. वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त गेलं तर मात्र थांबून शोध घ्यावा लागतो.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू’. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केल्यावर काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी जातं आणि संरक्षणही जातं.

दुसरा प्रश्न अंगदुखीचा. स्टॅटिनमुळे होणारी खरी स्नायूदुखी ओळखायची काही चिन्हं आहेत. ती दोन्ही बाजूंना सारखी असते, मांड्या, खांदे, दंड अशा मोठ्या स्नायूंत असते, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवडे ते महिन्यांत येते. एकाच गुडघ्याचं दुखणं किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ यांचा दोष सहसा स्टॅटिनकडे जात नाही. खरी स्नायूदुखी वाटली तर रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं द्रव्य, तपासतात.

दुखण्यात भीतीचाही मोठा वाटा असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निव्वळ बिनऔषधी गोळी, आणि काही महिने काहीच नाही असं आलटूनपालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही होता. दुखणं खोटं नव्हतं, कारण मात्र बहुतेक वेळा औषधाचं नव्हतं. तेव्हा दुखू लागलं तर डॉक्टरांना सांगून दोन-चार आठवडे थांबा, मग कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरू करून पाहा. बऱ्याच जणांना ते सोसतं.

इशारा: स्नायू खूप दुखतात, अशक्तपणा आला आहे आणि लघवी चहासारखी गडद होते आहे, असं असेल तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं फार क्वचित होतं, पण किडनीला धोका असतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असताना सिमव्हास्टॅटिन थांबवावंच लागतं, इतर स्टॅटिनबद्दलही विचारून घ्या.

स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, मुख्यतः जे आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांची. वर्षातून एकदा एचबीए१सी करा. यासाठी गोळी सोडायची गरज नसते.

## टप्पा ६: ॲस्पिरिनचा विचार बीपी ताब्यात आल्यावरच

आता दुसरी गोळी. पहिल्या गटातल्या व्यक्तीला ॲस्पिरिनचा फायदा नक्की होतो. रक्तवाहिनीत आधीच फुटू शकणारा थर आहे, त्यावर गुठळी बसू नये म्हणून ते रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम, बहुधा कायमचं, दिलं जातं. डोस याहून वाढवून फायदा वाढत नाही. ॲस्पिरिन प्लेटलेट नावाच्या कणांना निकामी करतं आणि तो कण जिवंत असेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, परत कामाला लागत नाही. त्यामुळे छोटा डोसही रोज घेतला की पुरतो, आणि मोठ्या डोसने फक्त पोट बिघडतं.

दुसऱ्या गटात गणित वेगळं आहे. बीपी असलेल्या जवळजवळ १९,००० लोकांची हॉट चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बीपी नीट खाली आणलेल्या लोकांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. हार्ट अटॅक कमी झाले, पक्षाघात कमी झाले नाहीत, आणि जीवघेणे नसलेले पण मोठे रक्तस्राव ७० वरून १२९ वर गेले. ती चाचणी झाली तेव्हा आजच्याइतके लोक स्टॅटिन घेत नव्हते. आज बीपी आणि एलडीएल दोन्ही खाली आणल्यावर ॲस्पिरिनने टाळण्यासारखं थोडंच उरतं. रक्तस्रावाचा धोका मात्र तेवढाच राहतो.

बीपी चढलेलं असताना ॲस्पिरिन सुरू करणं ही यातली सगळ्यात धोकादायक चूक. वर्षानुवर्षं जास्त दाबाखाली राहिलेल्या मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांतली एखादी झिरपली तर शरीर प्लेटलेटचा बोळा लावून ती बंद करतं. ॲस्पिरिन नेमकी हीच व्यवस्था ढिली करतं. घरचं बीपी १७० येतं, डोकं जड वाटतं, म्हणून ‘रक्त पातळ होऊ दे’ अशा विचाराने ॲस्पिरिन घेणं म्हणूनच उलटू शकतं. ॲस्पिरिनने बीपी उतरत नाही. आधी बीपीची औषधं बसवा आणि सरासरी किमान १५०/९० च्या खाली, शक्यतो १४०/९० च्या खाली, काही आठवडे टिकलेली पाहा. ॲस्पिरिनचा प्रश्न त्यानंतर येतो.

## टप्पा ७: रक्तस्रावाची चाचपणी

दुसऱ्या गटात ॲस्पिरिनचा विचार होत असेल तर हे प्रश्न एकेक करून विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर साधारणपणे ॲस्पिरिन नको.

१. वय साठ किंवा त्याहून जास्त आहे का? अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२२ मध्ये साठीनंतर अशा लोकांत ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये असं सांगितलं. मुख्यतः सत्तरीपुढच्या १९,००० हून जास्त निरोगी लोकांच्या ॲस्प्री चाचणीत (२०१८) हृदयविकार टळले नाहीत आणि मोठे रक्तस्राव वाढले.

२. पोटात अल्सर झाला होता का, काळी शौचास झाली होती का, हिमोग्लोबिन विनाकारण कमी आहे का?

३. डायक्लोफेनॅक, इब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या वारंवार लागतात का? या गोळ्या तीन बाजूंनी नुकसान करतात: पोटातला रक्तस्राव वाढवतात, बीपी चढवतात आणि किडनीवर ताण आणतात. त्यातही इब्युप्रोफेन आधी घेतली तर ॲस्पिरिनला प्लेटलेटवर काम करायला जागाच मिळत नाही.

४. वॉर्फरिन किंवा तत्सम औषध, स्टिरॉइड, किंवा दुसरं प्लेटलेटवरचं औषध चालू आहे का?

५. ॲस्पिरिनने दमा उफाळतो का, अंगावर गांध्या येतात का?

गैरसमज: ‘माझी गोळी कोटिंगवाली आहे, पोटाला त्रास देत नाही.’ कोटिंगमुळे जळजळ कमी होते. अल्सर आणि रक्तस्राव मात्र गोळी रक्तात मिसळल्यानंतरच्या परिणामाने होतात, त्यामुळे कोटिंगने तो धोका टळत नाही. पहिल्या गटातल्या ज्या व्यक्तीला ॲस्पिरिन घ्यावंच लागतं आणि पोटाचा धोकाही आहे, तिला डॉक्टर सोबत पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात.

सगळी उत्तरं ‘नाही’ आली, वय चाळीस ते साठच्या मधलं आहे आणि धोका १० टक्क्यांहून बराच जास्त आहे, अशा मोजक्या लोकांतच ॲस्पिरिनवर चर्चा करण्यासारखं काही उरतं. धूम्रपान सुटत नाही, स्टॅटिन सोसत नाही, किंवा हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचा स्कोअर १०० च्या वर आला आहे, अशी माणसं यात येतात. मधुमेहींचंही उत्तर सरळ नाही. २०१८ च्या ॲसेंड चाचणीत १५,००० हून जास्त मधुमेहींत सुमारे साडेसात वर्षांत रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आल्या आणि मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. फायदा आणि नुकसान जवळजवळ तोलात.

## एक उदाहरण सोडवून पाहू

५८ वर्षांचे गृहस्थ. बीपी मुळात १६४/९६ होतं, अम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० वर घरची सरासरी १३२/८०. मधुमेह नाही. सिगारेट काही वर्षांपूर्वी सोडली. एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ४२, एलडीएल १२४. हृदयाचा किंवा मेंदूचा कोणताही झटका आलेला नाही. गुडघ्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा डायक्लोफेनॅक घेतात. प्रश्न असा: कोलेस्टेरॉल तर ठीक आहे, मग स्टॅटिन कशाला? त्यापेक्षा ॲस्पिरिन घेऊ का?

समजा यंत्राने दहा वर्षांचा धोका १४ टक्के दाखवला. म्हणजे अशाच १०० माणसांपैकी १४ जणांना दहा वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात होईल.

ॲटोरव्हास्टॅटिन २० ने एलडीएल साधारण ४० टक्के उतरेल, म्हणजे १२४ वरून ७४ च्या आसपास येईल. घट ५० ची. अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबानुसार एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं की मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. ५० च्या घटीला ते पाव भागाहून थोडं जास्त होतं. म्हणजे १४ चे साधारण १० झाले. शंभरात चार जणांची घटना टळली.

आता त्यावर ॲस्पिरिन घातलं तर? झटका न आलेल्या लोकांत ते सुमारे ११ टक्क्यांनी घटना कमी करतं. पण ही टक्केवारी आता उरलेल्या १० वर लागू होते, म्हणून दहाचे नऊ होतात. शंभरात एक जण. दुसऱ्या बाजूला मोठा रक्तस्राव साधारण ४३ टक्क्यांनी वाढतो. या वयात दहा वर्षांत शंभरात दोन-तीन जणांना तो एरवीही होतो असं धरलं, तर ॲस्पिरिनने आणखी एकाला होईल. या गृहस्थांत डायक्लोफेनॅकमुळे तो आकडा आणखी वर जाणार.

उत्तर: स्टॅटिन हो, ॲस्पिरिन नाही, आणि डायक्लोफेनॅक बंद करून गुडघ्यासाठी दुसरा उपाय शोधायचा. दहा ते बारा आठवड्यांनी लिपिड आणि एसजीपीटी. हेच गृहस्थ उद्या स्टेंट घालून घरी आले तर निर्णय त्याच दिवशी बदलतो: ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८०, ॲस्पिरिन रोज, आणि काही महिने त्यासोबत दुसरं प्लेटलेटवरचं औषध.

## ज्यांना हे टप्पे जसेच्या तसे लागू नाहीत

बीपी आधीपासून आहे आणि गरोदरपण आलं, तर क्रम चक्क उलटा होतो. अशा स्त्रीला गरोदरपणातल्या विषबाधेचा, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा, धोका जास्त असतो. तो कमी करायला बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत, ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन डॉक्टर सुरू करतात. स्टॅटिन मात्र सहसा गरोदरपणाचं ठरवतानाच थांबवतात, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल या वर्गातल्या बीपीच्या गोळ्याही बदलाव्या लागतात. पाळी चुकल्याचं लक्षात येताच डॉक्टरांना कळवा.

हृदयाचे ठोके अनियमित असण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, असेल तर पक्षाघात टाळायला ॲस्पिरिन पुरत नाही. तिथे गुठळीविरोधी वेगळं औषध लागतं. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ या समजुतीत ते राहून जाऊ नये.

## आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल तर

ते कशासाठी सुरू झालं ते आधी शोधा. जुनी चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड काढा. कारण पहिल्या गटातलं निघालं तर गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. स्टेंटनंतरच्या पहिल्या वर्षात तर अजिबातच नाही. दात काढणं किंवा शस्त्रक्रिया ठरली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. दात काढण्यासाठी बहुतेक वेळा ती थांबवावी लागत नाही.

कारणच सापडलं नाही, ‘बीपी आहे म्हणून’ एवढंच निघालं, तर पुढच्या भेटीत ती बंद करण्याविषयी विचारा. डोस हळूहळू उतरवावा लागत नाही. मधल्या काळात काळी, डांबरासारखी शौचास झाली, किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं तर भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

## तातडीच्या वेळी

छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, हातात किंवा जबड्यात कळ जातेय, अशा वेळी आधी रुग्णवाहिका बोलवा. मग ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्या. कोटिंगची गोळी नुसती गिळली तर उशिरा विरघळते, म्हणून चावायची.

तोंड वाकडं झालंय, एक हात उचलता येत नाही, बोलणं अडखळतंय, अशा वेळी घरी ॲस्पिरिन द्यायचं नाही. गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कोणालाही कळत नाही, स्कॅननंतरच कळतं. पाणीही पाजू नका, कारण गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. रुग्णाला शेवटचं नीट बोलता-चालताना किती वाजता पाहिलं ती वेळ आणि चालू गोळ्यांची यादी कागदावर लिहून सोबत न्या. गुठळी विरघळवायचं औषध देता येईल का, हे डॉक्टर त्या वेळेवरून ठरवतात.